नववीच्या वर्गातली ग्रामसभा आणि १८० मीटरचे गटार

प्रश्न: मी नववीला सामाजिक शास्त्रे शिकवते. ग्रामपंचायत निर्णय कसा घेते हे मुलांना कळावे म्हणून गेल्या वर्षी वर्गात ग्रामसभा घेतली. मुले आवेशाने बोलली, टाळ्या पडल्या, पण शेवटी नेमके काय ठरले आणि ते कसे ठरले, हे कोणालाच सांगता येईना. वर्गात ४२ मुले आहेत आणि तीन तासिका मिळतील. हा पाठ कसा बसवावा?

उत्तर:

आपल्याला आलेला अनुभव मलाही आला होता. मी पहिल्यांदा हा पाठ घेतला तेव्हा सरपंच झालेल्या मुलाने शेवटी "सगळ्यांचे प्रश्न सोडवू" असे जाहीर केले आणि वर्ग आनंदाने घरी गेला. दुसऱ्या दिवशी मी तीन मुलांना वेगवेगळे बसवून कालचा निर्णय एका वाक्यात लिहायला सांगितला, तेव्हा तीन निराळे निर्णय कागदावर आले. चूक मुलांची नव्हती. मी त्यांना बोलायला विषय दिला होता. पण निर्णय ज्या गोष्टींनी घडतो त्यांतले काहीच दिले नव्हते. नोटीस नव्हती, गणपूर्ती नव्हती, पैशाला मर्यादा नव्हती, आणि ठराव लिहून घेणारे कोणी नव्हते.

मुलांना सहावीतच ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची रचना शिकवलेली असते. त्यामुळे नववीत सदस्य किती आणि मुदत किती यात वेळ घालवू नये. त्यांना ठाऊक नसते ते एवढेच, की एखादी मागणी तोंडी बोलण्यापासून इतिवृत्तातल्या ठरावापर्यंत कशी जाते आणि वाटेत तिचा आकार कसा बदलतो. म्हणून माझा पाठ एका ठरावाभोवती बांधलेला आहे. बाकी सगळे त्या ठरावाच्या शब्दांपर्यंत पोचण्यासाठी आहे.

आधी गाव ठरवावे. ते कल्पित असावे आणि त्याचे नाव मुलांनीच ठेवावे. आपल्या परिसरातले खरे गाव मुळीच घेऊ नये, याचे कारण पुढे सांगतो. लोकसंख्या साधारण २,०००, मतदार १,४००, सदस्य ९ आणि थेट निवडून आलेला सरपंच, एवढे पुरते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ असते आणि दीड ते तीन हजारांच्या गावाला ९ सदस्य असतात, त्यामुळे ही रचना खऱ्याला धरून आहे. आपल्या ४२ मुलांपैकी एक सरपंच, नऊ सदस्य, एक ग्रामपंचायत अधिकारी, एक लिपिक आणि तीस ग्रामस्थ अशी वाटणी करावी. पूर्वीचे ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून आता ग्रामपंचायत अधिकारी असे पद झाले आहे. गावात लोक अजून ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब म्हणतात, आणि मुलांनीही तसे म्हटले तर दुरुस्त करू नये.

पहिल्या तासिकेच्या सात दिवस आधी वर्गाच्या फलकावर सभेची नोटीस खरोखर लावावी. ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी काढायची असते. तिच्यावर तारीख, वेळ, ठिकाण आणि विषय असतात, आणि गावात दवंडीही दिली जाते. मुलांनी नोटीस वाचली की नाही हे आपण विचारू नये. सभेच्या दिवशी एखादा मुलगा नोटिशीत नसलेला विषय काढेल, तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय घ्यायचा की पुढच्या सभेत ठेवायचा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. विषयपत्रिका कोण करतो आणि तिच्यावर काय येते, यात अर्धा निर्णय असतो, ही गोष्ट मुलांना तिथे समजते. आपण ती सांगायला जाऊ नये.

पहिली तासिका गणपूर्तीने सुरू करावी, आणि इथे दहा मिनिटे मोकळेपणाने घालवावीत. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. आपल्या गावात १,४०० चे १५ टक्के २१० होतात, म्हणून १०० धरायचे. आता मुलांना फळ्यावर हिशेब करू द्यावा: १,४०० मध्ये १०० म्हणजे चौदांत एक, आणि ४२ च्या वर्गात चौदांत एक म्हणजे तीन. मग कोणत्याही तीन मुलांना वर्गात बसवून बाकी ३९ जणांना पाच मिनिटे बाहेर व्हरांड्यात उभे करावे. आत बसलेल्या तिघांनी फळ्यावर लिहिलेल्या एका किरकोळ विषयावर, समजा क्रीडांगणाच्या कुंपणावर, हात वर करून निर्णय घ्यावा. बाहेरची मुले खिडकीतून पाहत असतात. परत आत आल्यावर त्यांना तो निर्णय वाचून दाखवावा आणि हा गावाचा ठराव आहे एवढेच सांगावे. त्यानंतर जो आरडाओरडा होतो तो शांतपणे ऐकून घ्यावा, आणि मग पुढची गोष्ट सांगावी: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही, फक्त तिथे मूळ नोटिशीतले विषयच घेता येतात. मला आठवते, एका वर्गात यावर एक मुलगी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे आई सभेला जात नाही, तेव्हा तिच्या वतीने कोणीतरी हात वर करतेच." मी त्यावर काही बोललो नाही.

उरलेल्या वेळात महिला सभा घ्यावी. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. वर्गात ज्यांना स्त्री ग्रामस्थांच्या भूमिका आल्या आहेत त्यांनी, मग त्या भूमिका मुलांकडे असोत की मुलींकडे, पंधरा मिनिटे वेगळे बसून एकच मागणी लिहून द्यावी. ही मागणी लिहून देण्याची अट सोडू नका. तोंडी मागणी दुसऱ्या दिवशीच्या गलबल्यात हरवते, लेखी मागणी मात्र अध्यक्षांना वाचावीच लागते.

भूमिकांच्या चिठ्ठ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पाठ तिथेच बिघडतो. बहुतेक जण चिठ्ठीवर मत लिहून देतात: "तुम्ही पाइपलाइनच्या बाजूचे आहात", "तुम्ही विरोधक आहात". असे केले की मुले मत रेटत राहतात आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकतच नाहीत. चिठ्ठीवर मत नसावे. त्या माणसाला आपल्या दारात जे दिसते ते असावे. उदाहरणार्थ: "तुमचे घर मधल्या आळीच्या खालच्या टोकाला, ओढ्याजवळ आहे. वरच्या घरांचे सांडपाणी तुमच्या ओट्याशी येऊन साचते." दुसरी: "तुमचे घर त्याच आळीच्या वरच्या टोकाला आहे. तुमच्या दारासमोर पाणी साचत नाही, पण वास येतो." तिसरी: "तुम्ही वस्तीवर राहता. शेवटचा नळ घरापासून साडेचारशे मीटरवर आहे." चौथी: "तुमची नात अंगणवाडीत जाते. पत्रा गळतो म्हणून पावसात मुलांना लवकर घरी सोडतात." पाचवी: "गेल्या पावसाळ्यात तुमच्या घरी मृत्यू झाला. स्मशानभूमीत शेड नाही." यातून मत कसे बनवायचे ते मूल स्वतः ठरवते, आणि सभेत एखादी नवी माहिती कळली तर ते मत बदलायलाही मोकळे राहते. तीस ग्रामस्थांपैकी आठ वस्तीवरचे, आठ मधल्या आळीचे, सहा अंगणवाडीशी संबंध असलेले, पाच स्मशानभूमीबद्दल बोलू शकणारे आणि तीन कशातच थेट संबंध नसलेले असावेत. हे शेवटचे तिघे महत्त्वाचे असतात. हात मोजताना बहुतेकदा त्यांच्याकडेच पाहावे लागते.

आता पैसा. हा भाग नीट आखला तरच मुलांना निवड करावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ पासूनच्या विभागणीप्रमाणे ग्रामपंचायतीच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित आणि ४० टक्के अबंधित होता. बंधितातला निम्मा पाणीपुरवठ्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. अबंधित भाग गावाच्या इतर गरजांसाठी वापरता येतो, मात्र पगार आणि आस्थापनेवर नाही. आपण हीच विभागणी घेऊन गावाला १० लाख रुपये द्यावेत: ३ लाख पाण्यासाठी, ३ लाख स्वच्छतेसाठी, ४ लाख अबंधित. याशिवाय घरपट्टी, पाणीपट्टी वगैरेतून गावाचे स्वतःचे उत्पन्न ४ लाख धरावे. त्यातले १० टक्के, म्हणजे ४० हजार, महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावे लागतात; बाकीचे गावाच्या नेहमीच्या खर्चात जातात असे धरावे.

मागण्या चार ठेवाव्यात, त्यांहून जास्त नकोत. वस्तीपर्यंत ४५० मीटर पाइपलाइन, अंदाजे ३ लाख ६० हजार. मधल्या आळीत ३०० मीटर बंदिस्त गटार, ५ लाख. स्मशानभूमीत शेड, अडीच लाख. अंगणवाडीचे छप्पर, १ लाख २० हजार. या सगळ्यांची बेरीज १२ लाख ३० हजार होते, आणि मुले प्रथम "दोन लाख तीस हजार कमी आहेत" एवढेच म्हणतात. खरी अडचण बेरजेत नाही. पाइपलाइनला पाण्याचे ३ लाख मिळाल्यावर ६० हजार कमी पडतात, गटाराला स्वच्छतेचे ३ लाख मिळाल्यावर २ लाख कमी पडतात, आणि हे दोन्ही तुटवडे, शेड आणि छप्पर यांच्यासह, त्याच ४ लाख अबंधितावर येऊन पडतात. तिथे एकूण मागणी ६ लाख ३० हजारांची होते.

निधीचे हे नियम एका कागदावर लिहून फक्त ग्रामपंचायत अधिकारी झालेल्या मुलाकडे द्यावेत आणि त्याला ताकीद द्यावी की, विचारल्याशिवाय बोलायचे नाही, विचारले की लपवायचे नाही, आणि मतदान करायचे नाही. सभेतला सचिव असाच असतो. नियम त्याला माहीत असतात, पण मत त्याला नसते. मुले पहिली पंधरा मिनिटे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. स्मशानभूमीच्या शेडला स्वच्छतेचे पैसे द्या, असे कोणीतरी ठासून सांगते, सगळे हो म्हणतात, आणि मग एखादा सदस्य चाचरत विचारतो, "भाऊसाहेब, असे चालते का?" उत्तर येते, "नाही." त्या क्षणापासून सभेचा सूर बदलतो. जो नुसता जोरात बोलत होता तो मागे पडतो आणि जो प्रश्न विचारतो त्याच्याकडे लोक वळतात. हे दृश्य मी अनेक वर्गांत पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी प्रश्न विचारणारे मूल वर्गात एरवी फारसे न बोलणारेच निघाले.

दुसरी तासिका पूर्ण ग्रामसभेला द्यावी. सरपंचांनी अध्यक्षस्थान घ्यावे, हजेरी पुस्तकावर सह्या व्हाव्यात, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करावे (यासाठी व्हरांड्याच्या वेळचा कुंपणाचा ठराव वापरावा, मुले तो कायम करायला विरोध करतात आणि त्यातून चांगली चर्चा होते), महिला सभेची मागणी वाचावी आणि मग चारही कामे एकेक करून घ्यावीत. घड्याळ आपल्या हातात ठेवावे. एका कामाला सहा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नये. सभेच्या मध्ये आपण बोलू नये; मुले अडली तरी दोन मिनिटे थांबावे.

एका वर्गात ही सभा कशी गेली ते सांगतो, कारण त्यातून आपल्याला अपेक्षा काय ठेवायची ते कळेल. पहिला प्रस्ताव सरळ होता: पाइपलाइन, पूर्ण गटार आणि अंगणवाडी घ्यावी, शेड पुढच्या वर्षी. हिशेबही बसत होता. अबंधितातून ६० हजार, २ लाख आणि १ लाख २० हजार मिळून ३ लाख ८० हजार, वर २० हजार शिल्लक. मते घेतली असती तर तो मंजूर झाला असता. पण ज्याच्या चिठ्ठीवर मृत्यूचा उल्लेख होता तो मुलगा उठून म्हणाला की, भर पावसात दोन तास ताडपत्री धरून उभे राहावे लागले होते. यातले चिठ्ठीवर काहीच नव्हते; ते त्याने स्वतः जोडले होते किंवा कुठेतरी पाहिले होते. वर्ग शांत झाला. मग एका सदस्य मुलीने विचारले की, गटार पूर्णच करायला हवे का? तिने फळ्यावर भागाकार मांडला: ३०० मीटरला ५ लाख, म्हणून ३ लाखांत १८० मीटर. गटाराला अबंधितातून काहीच न देता स्वच्छतेच्या पैशात बसेल तेवढेच करायचे. म्हणजे अबंधितातून पाइपलाइनला ६० हजार आणि शेडला अडीच लाख देऊन ९० हजार उरतात. छपराला १ लाख २० हजार हवेत, ३० हजार कमी. इथे दोन-तीन मिनिटे कोणालाच काही सुचेना. शेवटी महिला सभेत बसलेल्या एकाने अधिकाऱ्याला विचारले की, बालकल्याणाचे वेगळे पैसे असतात ना? अधिकाऱ्याने कागद पाहून ४० हजार सांगितले. अंगणवाडी बालकल्याणात बसते, त्यातले ३० हजार घेतले, आणि अबंधित निधी बरोबर ४ लाखांवर संपला.

वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि मी मनात म्हटले, आता पाठ संपला. तेवढ्यात मधल्या आळीच्या खालच्या टोकाची चिठ्ठी असलेली मुलगी उठली. तिने विचारले, "१८० मीटर कुठून मोजायचे?"

या प्रश्नासाठी मी हा पाठ दरवर्षी घेतो. ठराव नुसता "मधल्या आळीत १८० मीटर गटार बांधण्यात यावे" असा झाला असता, तर काम वरच्या टोकापासूनही सुरू करता आले असते, आणि मग वरच्या घरांचे सगळे सांडपाणी बंदिस्त गटारातून वेगाने येऊन १८० व्या मीटरला, म्हणजे नेमके कोणाच्या तरी दारात, उघडे पडले असते. पूर्वी जे थोडे थोडे वाटेत जिरत होते ते एका जागी आले असते. गटार नेहमी पाणी जिथे सोडायचे त्या टोकापासून वर बांधत न्यावे लागते. हे त्या मुलीला अभियांत्रिकी म्हणून माहीत नव्हते. चिठ्ठीवर तिचा ओटा होता म्हणून तिला ते दिसले. वरच्या टोकाच्या मुलांनी विरोध केला, कारण आता त्यांना पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागणार होते. त्यांनी अट घातली की उरलेले काम पुढच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकाने घ्यावे. घासाघिशीनंतर लिपिकाने लिहिलेला ठराव असा होता:

"ठराव क्रमांक ३. विषय: मधल्या आळीतील बंदिस्त गटार. मधल्या आळीत ३०० मीटर बंदिस्त गटार बांधण्याचा विषय सभेपुढे ठेवण्यात आला. स्वच्छतेसाठीचा बंधित निधी ३ लाख रुपये उपलब्ध असल्याने पहिल्या टप्प्यात ओढ्याकडील टोकापासून वरच्या दिशेने १८० मीटर गटार बांधण्यात यावे. उर्वरित १२० मीटर काम पुढील वर्षाच्या आराखड्यात प्रथम क्रमांकाने घेण्यात यावे. ठरावाच्या बाजूने २२, विरोधात ११, तटस्थ ७. ठराव बहुमताने मंजूर."

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे होती. मते ४० का, असे एकाने विचारले. अधिकारी आणि लिपिक यांना आम्ही मतदानातून वगळले होते. लिपिकाने आधी सवयीने "सर्वानुमते मंजूर" लिहिले होते आणि विरोध करणाऱ्या अकरा जणांनी ते खोडायला लावले. ही सवय मुलांनी कुठून उचलली असेल कोण जाणे, पण ती दिसली की थांबून दुरुस्त करून घ्यावी. विरोधाचा आकडा इतिवृत्तात नसेल, तर विरोध झाला होता हे पुढे कोणालाही सिद्ध करता येत नाही.

तिसऱ्या तासिकेत ग्रामपंचायतीची मासिक सभा घ्यावी. इथे फक्त सरपंच आणि नऊ सदस्य मध्यभागी बसतात आणि बाकीचे भोवती प्रेक्षक होतात. ग्रामसभेने आराखडा मंजूर केला म्हणजे काम सुरू झाले, अशी मुलांची समजूत असते. पण कामाचे अंदाजपत्रक अभियंत्याकडून करून घेणे, तांत्रिक मान्यता मिळवणे, प्रशासकीय मान्यतेचा ठराव करणे, आराखडा ई-ग्रामस्वराज प्रणालीवर नोंदवणे, कामांचा क्रम लावणे, हे सगळे त्यानंतर येते आणि ते करताना ग्रामस्थांच्या हातात मत नसते. या टप्प्यांची नावे मुलांकडून पाठ करून घेऊ नयेत. त्यांतला एकच प्रश्न सभेपुढे ठेवावा: शेड आधी की छप्पर आधी? मासिक सभेला निम्मे सदस्य हजर असले की गणपूर्ती होते, निर्णय बहुमताने होतो, आणि मते समसमान पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असते. सरपंच धरून दहा जण असल्याने पाच-पाच अशी फूट पडण्याची शक्यता बरीच असते, आणि ती पडली की सरपंच झालेले मूल अडचणीत येते. त्याला घाई करू देऊ नका. अनुदान दोन हप्त्यांत येते, आणि पहिल्या हप्त्यात अबंधिताचे दोनच लाख येतील, हे अधिकाऱ्याच्या कागदावर लिहून ठेवावे. सरपंचाने विचारले तर त्याला दिसते की, पाइपलाइनचे ६० हजार गेल्यावर १ लाख ४० हजार उरतात, त्यात शेड बसत नाही, छप्पर बसते. त्याने न विचारता मत दिले तरी चालेल. तो हिशेब प्रेक्षकांत बसलेले कोणीतरी नंतर मांडतेच, आणि भोवती बसून पाहणाऱ्यांना बोलता येत नसले तरी दिसते किती, हे तेव्हा उघड होते.

आता ज्या तीन ठिकाणी पाठ घसरतो ती सांगतो. पहिले म्हणजे भ्रष्ट सरपंचाचे नाटक. मुलांनी पडद्यावर पाहिलेला सरपंच वर्गात अवतरला की सगळे हसतात आणि निर्णय बाजूला राहतो. म्हणून सरपंचाच्या चिठ्ठीवर स्वभावाबद्दल काहीही लिहू नये. वेळेत सभा संपवणे आणि प्रत्येक विषयावर मत घेणे, एवढीच त्याची जबाबदारी लिहावी.

दुसरे ठिकाण अधिक नाजूक आहे. गावातल्या शाळेत एखाद्याची आई सदस्य असते, दुसऱ्याचे काका गेल्या निवडणुकीत पडलेले असतात, आणि वर्गात ते सगळे येते. मी एकदा आमच्याच गावातला रस्ता विषय म्हणून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दोन घरांतून शाळेत निरोप आले. कल्पित गावाचा आग्रह मी त्यामुळे धरतो. भूमिकाही चिठ्ठ्या टाकूनच वाटाव्यात. कोणाला कोणती वस्ती द्यायची हे आपण ठरवू नये, कारण आपण कितीही जपले तरी मुलांना त्यात आपली जात-घर शोधता येते.

तिसरे ठिकाण म्हणजे स्त्री सदस्यांच्या भूमिका. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने नऊपैकी पाच सदस्य स्त्रिया ठेवाव्यात. मुले कधी कधी "सरपंचांचे पती" म्हणून मध्येच एक पात्र आणतात आणि तेच बोलायला लागते. अशा वेळी रागावू नये. सभेत बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे अधिकाऱ्याला विचारायला सांगावे. ते पात्र मतदार म्हणून ग्रामसभेत बोलू शकते, पण अध्यक्षस्थानी बसू शकत नाही, आणि मासिक सभेत त्याला बोलायलाही जागा नाही. हा फरक मुलांनी स्वतः काढला तर पक्का राहतो.

आपली शाळा शहरात असेल तर नगरपरिषदेवर हाच पाठ घेता येतो, पण त्यात मोठा बदल करावा लागेल. तिथे ग्रामसभा नाही. मत फक्त नगरसेवकांना असते, प्रशासनाची बाजू मुख्याधिकारी मांडतात, आणि सभेचा ठराव निलंबित करण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमाने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. तीस मुलांना तिथे निवेदन देणाऱ्यांच्या भूमिकेत ठेवावे लागते आणि त्यांचे बोलणे एखाद्या नगरसेवकाच्या तोंडून सभेत पोचवावे लागते. नववीसाठी पहिल्या वेळी गावच घ्यावे, असे माझे मत आहे, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हातात मत असते.

मूल्यमापनासाठी मी वेगळी प्रश्नपत्रिका काढत नाही. दुसऱ्या तासिकेच्या दिवशी एखादे मूल गैरहजर असतेच. तिसऱ्या तासिकेनंतर त्याला इतिवृत्ताची वही देतो आणि पाच प्रश्न विचारतो: काय करायचे ठरले, कुठून कुठपर्यंत, किती पैशात, कोणत्या निधीतून, आणि कोण विरोधात होते? त्याला वहीवरून जे सांगता येत नाही तेवढे वर्गाचे काम अपुरे राहिले, असे धरून लिपिक आणि अधिकारी यांनी तो ठराव पुन्हा लिहायचा असतो, आणि पुन्हा लिहिलेला मजकूर सूचक-अनुमोदकांना मान्य आहे का, हे विचारूनच खाली सही घ्यायची असते. गेल्या वेळी त्या गैरहजर मुलाने ठराव वाचून पाचव्या प्रश्नावर मान हलवली. अकरा हा आकडा होता, पण ते अकरा जण कोण, हे वहीत कुठेच नव्हते. त्यावर वर्गात नावे लिहावीत की नाही, याची चर्चा घंटा होईपर्यंत चालली आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मुलांनी तोच विषय पहिला लावला.